चौकटी आणि जोडरेषांनी संघटन तक्ता कसा काढावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, पाणलोट समित्या आणि शाळा यांच्या कार्यालयांत ‘कोण कोणाच्या हाताखाली’ हे दाखवणारा तक्ता अनेकदा मागितला जातो. कधी बँकेला कर्जाच्या प्रस्तावासोबत तो हवा असतो, कधी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना, तर कधी दाराजवळच्या फलकावर लावायला. असे तक्ते करून देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. तूर खरेदी करून डाळ मिल चालवणाऱ्या, तालुक्याच्या गावी कार्यालय असलेल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा तक्ता उदाहरण म्हणून घेतला आहे. सगळी कृती पॉवरपॉइंटमधली आहे आणि मेनूंची नावे पडद्यावर दिसतात तशीच ठेवली आहेत.

प्रश्न : पॉवरपॉइंटमध्ये तयार संघटन तक्ता मिळत असताना तो हाताने का काढायचा?

पाचसहा पदांचा साधा तक्ता असेल आणि तो एकदाच दाखवायचा असेल, तर Insert मधल्या SmartArt मधला Organization Chart पुरेसा आहे आणि त्यासाठी वेगळा खटाटोप करू नये. अडचण पदे वाढली की सुरू होते. SmartArt सगळ्या चौकटी दिलेल्या जागेत स्वतःच बसवतो. त्यामुळे एका बाजूला तीन हमाल आणि दोन काटेवाले वाढवले की दुसऱ्या बाजूच्या चौकटीही आक्रसतात आणि ‘मुख्य कार्यकारी अधिकारी’ ही अक्षरे भिंग घेऊन वाचावी लागतील इतकी लहान होतात. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. त्या रचनेत प्रत्येक चौकटीला वरिष्ठ एकच असू शकतो. आपल्या उदाहरणातील गोदामपाल रोजच्या कामासाठी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला उत्तरदायी आहे, मात्र साठ्याचा हिशेब त्याला लेखापालाला द्यावा लागतो. हे दुसरे नाते दाखवायला SmartArt मध्ये जागाच नाही.

प्रश्न : SmartArt मध्ये आधी तक्ता करून तो नंतर सुट्या चौकटींत बदलला तर चालेल का?

बदलता येतो. SmartArt Design मध्ये Convert आणि त्यात Convert to Shapes असा पर्याय आहे. पण त्यानंतर ज्या रेषा हाती येतात त्या चौकटींना चिकटलेल्या नसतात, नुसत्या काढलेल्या असतात. चौकट सरकवली की रेषा जागच्या जागी राहते आणि तक्ता तुटतो. म्हणून बदल केल्यावर जुन्या सगळ्या रेषा पुसून त्या जागी खऱ्या जोडरेषा काढाव्या लागतात. तितकेच करायचे असेल तर पहिल्यापासून हाताने काढणे कमी कष्टाचे ठरते.

प्रश्न : साधी रेषा आणि कनेक्टर यांत फरक तो काय? दिसायला दोन्ही सारख्याच असतात.

कनेक्टरचे टोक चौकटीच्या ठराविक बिंदूला चिकटते आणि चौकट हलली की तिच्यामागे जाते. मोकळ्या जागेत सोडलेली रेषा असे काही करत नाही. Insert, मग Shapes, मग Lines या गटात Connector: Elbow नावाची काटकोनात वळणारी रेषा आहे, संघटन तक्त्यासाठी बहुतेक ठिकाणी तीच लागते. ती निवडून माउस चौकटीवर नेला की चारही बाजूंच्या मध्यावर राखाडी ठिपके दिसतात. वरिष्ठाच्या खालच्या ठिपक्यावर बटण दाबून धरावे आणि कनिष्ठाच्या वरच्या ठिपक्यावर नेऊन सोडावे.

टोक खरोखर चिकटले की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये, कारण ठिपक्याच्या अगदी जवळ सोडलेले टोकही चिकटल्यासारखेच दिसते. रेषा निवडून पाहावी. पॉवरपॉइंट २०१३ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत चिकटलेले टोक हिरवे दिसते, सुटलेले पांढरे. त्याआधीच्या २००७ आणि २०१० मध्ये चिकटलेले टोक लाल असायचे, आणि अनेक कार्यालयांत अजून तीच आवृत्ती आहे. शंका राहिली तर चौकट थोडी ओढून पाहावी आणि लगेच Ctrl+Z करावे.

एकामागून एक बऱ्याच जोडरेषा काढायच्या असल्यास Shapes च्या यादीत त्या रेषेवर उजवे बटण दाबून Lock Drawing Mode निवडावे. मग दर वेळी मेनूत जावे लागत नाही. काम झाले की Esc दाबावे.

प्रश्न : कागदाचे माप कसे ठेवावे?

येथे एक खाचखळगा आहे. Design मधल्या Slide Size मध्ये A4 निवडले की पान A4 झाले असे वाटते, पण पॉवरपॉइंटचे ते पान २७.५२ सेंमी रुंद आणि १९.०५ सेंमी उंच असते. खऱ्या A4 चे माप २९.७ गुणिले २१ सेंमी आहे. छपाईत कडा जुळत नाहीत त्याचे हे एक कारण. म्हणून Custom Slide Size मध्ये जाऊन रुंदी २९.७ आणि उंची २१ अशी स्वतः टाइप करावी आणि स्लाइडसाठी Blank हा नमुना घ्यावा. संगणक इंचांत मापे दाखवत असेल तरी ‘29.7 cm’ असे टाइप केल्यास तो ते समजून घेतो. हे काम पहिली चौकट काढण्याआधी करावे, कारण नंतर पान बदलले की सगळ्या चौकटींची मापे आणि जागा बदलतात.

प्रश्न : चौकटींची मापे अंदाजाने ठरवावीत की काही हिशेब असतो?

हिशेब करावा, आणि तो कागदावर करावा. आपल्या कंपनीचेच उदाहरण घेऊ. सर्वांत वर भागधारक सभासदांची सर्वसाधारण सभा, तिच्याखाली संचालक मंडळ, त्याखाली मुख्य कार्यकारी अधिकारी. चौथ्या ओळीत चार पदे आहेत : खरेदी केंद्र प्रमुख, डाळ मिल पर्यवेक्षक, गोदामपाल आणि लेखापाल. प्रत्येकाच्या हाताखाली दोन-तीन माणसे आहेत.

तक्त्याची रुंदी सर्वांत भरलेली ओळ ठरवते, म्हणून हिशेब चौथ्या ओळीपासून सुरू करावा. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमी समास सोडला की २६.७ सेंमी उरतात. चार चौकटी प्रत्येकी ५.४ सेंमी रुंद घेतल्या तर २१.६ सेंमी जातात आणि उरलेले ५.१ सेंमी तीन फटींत वाटले की प्रत्येक फट १.७ सेंमी होते. त्यामुळे चौकटींच्या डाव्या कडा अनुक्रमे १.५, ८.६, १५.७ आणि २२.८ सेंमीवर येतात.

उभा हिशेब असा. वर शीर्षकासाठी जागा सोडून पहिली चौकट ३.२ सेंमीवर सुरू केली. पहिल्या चार ओळींतील प्रत्येक चौकट दीड सेंमी उंच आणि ओळींमधली फट १.२ सेंमी ठेवली, म्हणजे ओळींच्या वरच्या कडा ३.२, ५.९, ८.६ आणि ११.३ सेंमीवर येतात. चौथी ओळ १२.८ वर संपते आणि त्याखाली हाताखालच्या लोकांच्या लहान चौकटींसाठी पुरेशी जागा राहते. वरच्या तीन चौकटी सात सेंमी रुंद घेतल्या. पानाचा मध्य १४.८५ वर आहे, म्हणून त्यांची डावी कड ११.३५ वर येते.

हे आकडे माउसने ओढून गाठण्याचा प्रयत्न करू नये. चौकटीवर उजवे बटण दाबून Format Shape उघडावे आणि Size & Properties मध्ये Size आणि Position खाली आकडे टाइप करावेत. पहिली चौकट मनासारखी झाली की Ctrl+D ने तिच्या प्रती काढाव्यात. तसे केल्याने अक्षर, रंग आणि उंची सगळीकडे आपोआप सारखी राहते.

प्रश्न : काटकोनी रेषा चौकटींच्या मध्ये दुहेरी किंवा जाड का दिसतात?

हाताने काढलेला तक्ता गचाळ दिसण्याचे मुख्य कारण हेच आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

Elbow कनेक्टर वरिष्ठाच्या तळापासून खाली येतो, दोघांमधील उभ्या अंतराच्या बरोबर निम्म्यावर आडवा वळतो आणि मग पुन्हा खाली जातो. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची चौकट १०.१ सेंमीवर संपते आणि चौथी ओळ ११.३ वर सुरू होते, म्हणून चारही रेषा १०.७ सेंमीवर वळतात. चारही आडवे भाग तंतोतंत एकमेकांवर बसतात आणि डोळ्यांना एकच आडवा दांडा दिसतो. आपल्याला हवे ते हेच.

आता समजा गोदामपालाची चौकट माउसने ओढताना एक मिलिमीटर खाली गेली. तिची रेषा १०.७५ वर वळेल. फरक फक्त अर्ध्या मिलिमीटरचा आहे. पण दीड पॉइंट जाडीची रेषासुद्धा साधारण तेवढीच जाड असते. त्यामुळे दोन रेषा शेजारी शेजारी बसून त्या भागात दांडा दुप्पट जाड दिसतो. पडद्यावर लक्षात येत नाही, छापल्यावर लगेच खटकते. बघणारा म्हणतो, ‘रेषा नीट नाहीत’. खरे तर रेषेचा दोष काहीच नसतो, चौकट सरकलेली असते. म्हणून अशा वेळी रेषेचा पिवळा ठिपका ओढून तिला ‘सरळ’ करायला जाऊ नये. चार चौकटी निवडून Shape Format मधल्या Align मध्ये Align Top करावे, म्हणजे रेषा आपोआप एकमेकांवर येतात.

येथे Align Middle वापरणे ही नेहमीची चूक आहे. एका चौकटीत दोन ओळींचा मजकूर असल्याने ती उंच झाली असेल, तर मध्य जुळवल्याने वरच्या कडा उलट आणखी वेगळ्या होतात. त्याच मेनूत Align to Slide निवडलेले असेल तर सगळ्या चौकटी पानाच्या वरच्या कडेला जाऊन चिकटतात. तसे झाले तर Ctrl+Z करून Align Selected Objects निवडावे.

प्रश्न : मधल्या चौकटीकडे जाणाऱ्या रेषेत बारीकशी पायरी दिसते, ती कशी घालवायची?

वरिष्ठाचा मध्य आणि कनिष्ठाचा मध्य एका उभ्या रेषेत नसला की कनेक्टर तेवढ्या फरकापुरता वळतो आणि नागमोडी पायरी उमटते. दोन्ही चौकटी निवडून Align Center करावे. आपल्या तक्त्यात चौथ्या ओळीत चार चौकटी असल्याने मध्याखाली कोणी येत नाही आणि ही अडचण तेथे उद्भवत नाही. वरच्या तीन चौकटी मात्र एकाखाली एक आहेत, म्हणून त्यांना जोडायला काटकोनी रेषा न घेता सरळ कनेक्टर घ्यावा. पाच किंवा सात चौकटींच्या ओळीत मात्र पायरीकडे लक्ष ठेवावे लागते.

प्रश्न : हाताखालची माणसे जास्त असतील तर त्यांना आडवे मांडायचे की उभे?

उभे. चारही पदांखाली तीन-तीन माणसे आडवी मांडली तर एका ओळीत बारा चौकटी होतात, आणि २६.७ सेंमीत बारा चौकटी बसवल्या तर ‘वजनकाटा कर्मचारी’ हे शब्द तीन ओळींत तुटतात. लहान चौकटी ४.६ सेंमी रुंद आणि १.१ सेंमी उंच घेऊन वरिष्ठाखाली एकाखाली एक ठेवाव्यात, मध्ये अर्धा सेंमी फट सोडावी आणि डावी कड वरिष्ठाच्या कडेपेक्षा ०.८ सेंमी आत घ्यावी.

जोडणी कशी करायची हा खरा प्रश्न आहे. बरेच जण पहिल्या लहान चौकटीच्या तळापासून दुसरीच्या माथ्यापर्यंत आणि दुसरीच्या तळापासून तिसरीच्या माथ्यापर्यंत रेषा काढतात. दिसायला ते नीटनेटके दिसते, पण त्याचा अर्थ चुकतो. असा तक्ता पाहून तिसऱ्या माणसाचा साहेब दुसरा माणूस आहे असेच कोणीही समजेल. मी एकदा डाळ मिलचा असा तक्ता केला होता. सभेत एक वयस्कर हमाल उठून म्हणाले, ‘म्हंजे आता मी पॅकिंगवाल्याच्या हाताखाली हाये का?’ त्यांचे बरोबर होते.

योग्य पद्धत अशी की वरिष्ठाच्या डाव्या बाजूच्या मध्यापासून प्रत्येक लहान चौकटीच्या डाव्या बाजूच्या मध्यापर्यंत स्वतंत्र Elbow कनेक्टर काढावा. तो किंचित डावीकडे बाहेर येऊन खाली जातो आणि उजवीकडे वळून चौकटीला टेकतो. सगळ्या लहान चौकटींची डावी कड एकाच आकड्यावर असेल आणि पिवळे ठिपके हलवलेले नसतील, तर या रेषांचे उभे भागही एकमेकांवर बसतात आणि एकच खांब दिसतो.

प्रश्न : दुहेरी जबाबदारी तुटक रेषेने दाखवताना काय सांभाळावे?

गोदामपालाच्या उजव्या बाजूपासून लेखापालाच्या डाव्या बाजूपर्यंत सरळ कनेक्टर काढावा आणि Format Shape मध्ये Line खाली Dash type बदलून तो तुटक करावा. दोन्ही चौकटी शेजारी असल्याने रेषा छोटी आणि स्वच्छ राहते. पदांचा क्रम ठरवतानाच ज्यांच्यात असे नाते आहे त्यांना शेजारी बसवावे, एवढी एक गोष्ट आधी केली तर पुढचा बराच गुंता टळतो. लेखापाल डावीकडच्या टोकाला असता, तर ही तुटक रेषा दोन चौकटींना ओलांडून गेली असती.

तरीही पहिल्या वेळी माझी फसगत झाली. लेखापालाच्या हाताखालच्या दोघांच्या रेषा त्याच्या डाव्या बाजूच्याच ठिपक्यातून निघत होत्या आणि तुटक रेषाही तेथेच टेकत होती. शेवटच्या अर्ध्या सेंमीत तुटक रेषा सलग रेषेखाली लपली आणि गोदामपाल, संगणक चालक व लेखापाल हे तिघे एकाच खांबावर टांगल्यासारखे दिसू लागले. उपाय असा केला की शेवटच्या रकान्याची बाजू फिरवली. लेखापालाखालच्या लहान चौकटींची डावी कड २२.८ वर आणली, म्हणजे त्यांची उजवी कड लेखापालाच्या उजव्या कडेपेक्षा ०.८ सेंमी आत राहिली, आणि रेषा उजवीकडून उजवीकडे जोडल्या. दीड सेंमीच्या समासात त्या आरामात बसतात.

तुटक रेषेचा अर्थ पानाच्या खाली एका ओळीत लिहावा : ‘तुटक रेषा : साठ्याच्या हिशेबापुरती जबाबदारी’. हे न लिहिल्यास प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो. तुटक रेषा दोनापेक्षा जास्त झाल्या तर तक्ता वाचवत नाही. तेव्हा त्या काढून जबाबदाऱ्या शब्दांत लिहिलेल्या बऱ्या.

प्रश्न : Reroute Connectors वापरावे का?

शक्यतो नाही. ते दोन चौकटींमधला जवळचा मार्ग शोधते, त्यामुळे तळ आणि माथा सोडून बाजूचे ठिपके निवडले जाऊ शकतात. चुकीच्या ठिपक्याला लागलेले टोक हाताने ओढून योग्य ठिपक्यावर नेणे सोपे आहे.

प्रश्न : संचालक मंडळातील प्रत्येक संचालकाची चौकट काढावी का?

काढू नये. उत्पादक कंपनीत कायद्याने किमान ५ आणि कमाल १५ संचालक असतात, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी संपूर्ण मंडळाला उत्तरदायी असतो, एकेकट्या संचालकाला नाही. दहा संचालकांच्या दहा चौकटी काढून प्रत्येकीतून रेषा ओढली तर दहा साहेब असल्याचा भास होतो. मंडळाची एकच चौकट ठेवून संचालकांची नावे वेगळ्या यादीत द्यावीत. कायद्यानुसार मुख्य कार्यकारी अधिकारी पदसिद्ध संचालकही असतो, पण तक्ता कामाची उतरंड दाखवतो, म्हणून त्याची जागा मंडळाखालीच.

प्रश्न : मराठी मजकूर चौकटीत वरखाली कापला जातो. काय करावे?

देवनागरीला वर वेलांटी आणि रफार, तर खाली उकार आणि जोडाक्षरे यांसाठी जागा लागते, म्हणून इंग्रजी अक्षरांसाठी ठरवलेली उंची कमी पडते. मंगल या फाँटमध्ये ओळींमधले अंतर मुळातच जास्त असते. निर्मला यूआय त्या मानाने आटोपशीर बसतो. दीड सेंमीच्या चौकटीत पद १४ पॉइंटात एका ओळीत आणि नाव १२ पॉइंटात दुसऱ्या ओळीत ठेवावे, आणि वरखालचा आतला समास गरज पडल्यास शून्य करावा. Format Shape मधल्या Text Box खाली Do not Autofit निवडलेले असल्याची खात्री करावी. तेथे Resize shape to fit text असेल, तर लांब नावाची चौकट गुपचूप उंच होते आणि आपण मोजून ठेवलेल्या ओळी बिघडतात.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करू नये. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की ‘गोदामपाल’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

प्रश्न : हाच तक्ता वर्डमध्ये काढता येईल का?

येईल, पण आधी Insert, Shapes, New Drawing Canvas असे करून कॅनव्हास घ्यावा लागतो. वर्डमध्ये कनेक्टर कॅनव्हासच्या आतच चौकटीला चिकटतात. बाहेर ते साध्या रेषेसारखे वागतात. त्यामुळे मी तक्ता पॉवरपॉइंटमध्ये करतो आणि अहवालात चित्र म्हणून चिकटवतो. लिबरऑफिसच्या ड्रॉ आणि इम्प्रेसमध्येही चिकटणारे कनेक्टर आहेत, परंतु पॉवरपॉइंटची फाइल तेथे उघडल्यावर काटकोन कधी कधी वेगळ्या जागी वळलेले दिसतात. दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ पाठवावी.

प्रश्न : फ्लेक्स करायला काय द्यावे?

पीडीएफच द्यावी. स्लाइड चित्र म्हणून साठवली तर ती पडद्यापुरत्या बारकाईची असते आणि मोठी केल्यावर अक्षरांच्या कडा फाटतात. पीडीएफमध्ये रेषा आणि अक्षरे कितीही मोठी केली तरी स्वच्छ राहतात. आपल्याकडे फलक सहसा ३ गुणिले २ फुटांचा सांगतात. A4 चे प्रमाण त्याहून किंचित अरुंद असल्याने दोन्ही बाजूंना साधारण एकेक इंच पांढरी पट्टी राहील. छपाईवाल्याला ‘ताणून बसवू नका’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर तो चित्र आडवे ओढतो आणि अक्षरे बसकी होतात.

फलकावर पदाची नावे छापून घ्यावीत आणि माणसांच्या नावांसाठी पट्टी चिकटवण्याइतकी जागा चौकटीत मोकळी सोडावी. खरेदीचा हंगाम संपला की काटेवाले बदलतात, आणि दर वेळी नवा फ्लेक्स कोणी करत नाही.